शटर पडल्यावरही चालू राहणारं दुकान

"ताई, पहाटे साडेपाचला उठतो, रात्री दहाला शटर पाडतो. दिवसभर टेकायला मिळत नाही. तरी रात्री वाटतं, आज काहीच झालं नाही. आडवा झालो की राहिलेलं सगळं आठवतं. सकाळी उठतो तो थकलेलाच. असं किती दिवस चालणार?"

माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेले, हे बोलणारे गृहस्थ किराणा दुकानदार. तापीकाठचं मोठं गाव, बापाच्या वेळेपासूनचं दुकान, वय पंचेचाळीसच्या आसपास. इथे त्यांना आप्पा म्हणू. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि त्यांची परवानगी घेऊनच हे लिहिते आहे. लिहावंसं वाटलं, कारण थोड्याफार फरकानं हेच मी शिंप्याकडून ऐकलंय, मेडिकलवाल्याकडून ऐकलंय, घरगुती खानावळ चालवणाऱ्या बाईकडूनही ऐकलंय. ही सगळी अशी माणसं आहेत, ज्यांच्या दिवसाचा मालक गिऱ्हाईक असतं.

पहिल्या भेटीत मी त्यांना काहीही करायला सांगितलं नाही. आधी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि रक्तदाब तपासून या म्हटलं. रोजचा थकवा घेऊन आलेल्या माणसाचं मन उघडायच्या आधी शरीर बघून घ्यावं, हा माझा नियम आहे. सगळं ठीक निघालं. मग त्यांना एक साधं काम दिलं. खोक्याचा एक पुठ्ठा तराजूजवळ टांगायचा आणि हातातलं काम अर्धवट सोडावं लागलं की त्यावर एक रेघ मारायची. गिऱ्हाईकं मोजायची नाहीत, फक्त सुटलेली कामं मोजायची. तीन दिवस.

पुठ्ठा घेऊन आले तेव्हा तेच थोडे चकित होते. एका दिवसाच्या एकतीस रेघा होत्या. त्यातलं एक काम त्यांनी मला उलगडून सांगितलं. तूरडाळीचा तीस किलोचा कट्टा फोडून अर्ध्या आणि एक किलोच्या पिशव्या भरायच्या होत्या. सकाळी सव्वाआठला कट्टा फोडला, तो संपला संध्याकाळी पाचला. मी विचारलं, "सलग बसला असतात तर?"

"अर्धा-पाऊण तास."

"मग नऊ तास ती डाळ कुठे होती?"

आप्पा हसले. मग गंभीर होऊन खास अहिराणीत म्हणाले, "डोकामा. शटर पडस, पन डोकामा दुकान चालूच ऱ्हास."

इतक्या वर्षांच्या कामात या तक्रारीचं इतकं नेमकं वर्णन मी ऐकलं नव्हतं. त्यांचे पाय डाळ भरून दमत नव्हते. माणूस दमत होता तो नऊ तास ती अर्धी डाळ मनात धरून ठेवण्यानं, आणि अशा एकतीस डाळी एका दिवसात.

याचा अभ्यास झालेला आहे. २०११ साली मॅसिकँपो आणि बाउमायस्टर या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी काही प्रयोग प्रसिद्ध केले. हातातलं काम अपुरं असलं की ते माणसाच्या वाचनात, विचारात सारखं मध्ये येतं, हे त्यांना दिसलंच. त्यांच्या दुसऱ्या निष्कर्षाला मी जास्त महत्त्व देते. ते अपुरं काम कधी आणि कसं करायचं याची नेमकी आखणी ज्यांनी करून ठेवली, त्यांच्या मनात ते मध्ये येणं थांबलं. काम मात्र अजून झालेलं नव्हतं. म्हणजे मनाला काम संपायला हवं असतं असं नाही. त्याची जागा ठरलेली आहे एवढं कळलं तरी मन ते खाली ठेवतं.

तेव्हा मी आप्पांना सांगितलं, रोज दुकान बंद करायच्या आधी उद्याची कामं लिहून काढा.

आठवड्यानं ते आले ते जास्त वैतागून. चार पानं समोर ठेवली. रोज सोळा-सतरा ओळी: ‘माल बघणे’, ‘बँक’, ‘मागची खोली’, ‘उधारी’, ‘सीए’, ‘तेल’. खोडलेल्या ओळी तीन किंवा चार. म्हणाले, "ताई, आधी उधारीची एकच वही होती. आता ही दुसरी झाली. त्या वहीत लोक माझं देणं लागतात, हिच्यात मी."

चूक माझ्या सांगण्यात होती. लिहा म्हटलं, पण कसं ते सांगितलं नव्हतं. ‘मागची खोली’ हे काम नव्हे, ती एक जागा झाली. ‘तेल’ हेही काम नव्हे. एजन्सीवाल्याला फोन करायचा, की डबे मोजायचे, की गळणारा डबा परत द्यायचा? नुसतं नाव लिहिलं की मन ते परत उचलतं, कारण त्याला अजून काहीच ठरलेलं दिसत नाही. दोन कोरी पानं आणि एक पेन घेऊन आम्ही तिथेच बसलो.

आधी दिवसाचा हिशेब मांडला. सकाळी सहा ते नऊ दूध, पोहे, चहा-साखरेची गर्दी. मग येतं-जातं गिऱ्हाईक. दुपारी दोन ते चार जरा शांत, आणि उन्हाळा लागला की खानदेशात त्या वेळी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. पाचपासून रात्री नऊपर्यंत मान वर करायला फुरसत नाही. अशा सोळा तासांत आप्पांचा स्वतःचा, सलग म्हणावा असा वेळ निघाला जेमतेम सव्वा तास. दुकानदाराला हा आकडा ऐकून धक्का बसतो. दिवस आपला आहे असं त्याला वाटत असतं, कारण गल्ला आपला असतो.

"सव्वा तासात किती कामं बसतील?" मी विचारलं.

"सात-आठ."

"तूरडाळीला किती लागला म्हणालात?"

ते थांबले. "मग दोन. फार तर तीन."

"तर तीनच लिहा."

"तीनच? बाकीची कोण करणार?"

"सतरा लिहून गेल्या आठवड्यात रोज किती झाली?"

आप्पांनी पानं उलटली, आणि बऱ्याच वेळानं म्हणाले, "तीन."

तिथून पुढे वहीचं रूप ठरलं. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी असायला हव्यात: दुकानातल्या कोणत्या वेळी, किती मिनिटं, आणि सुरुवातीला हात कशाला लावायचा. नुसती घड्याळाची वेळ दुकानात टिकत नाही, म्हणून ती दुकानातल्या एखाद्या रोजच्या गोष्टीला बांधायची. त्यांच्या वहीतलं एक पान त्यांनी मला उतरवून घेऊ दिलं:

‘दूध संपलं की, साधारण ९. तूरडाळ एक कट्टा. पिशव्या आणि पट्टी आज रात्रीच तराजूजवळ काढून ठेवल्या. ४० मिनिटं.

जेवण झाल्यावर, अडीच. मागच्या खोलीतली फक्त डावी मांडणी. मसाल्याच्या पुड्यांच्या तारखा बघणे, मुदत संपलेल्या वेगळ्या खोक्यात. २५ मिनिटं.

संध्याकाळच्या दिवाबत्तीआधी. तेलाचे डबे मोजणे, मग एजन्सीवाल्याला फोन. १० मिनिटं.’

बाकी जे जे सुचेल ते वहीच्या शेवटच्या पानावर जातं. त्या पानाला आप्पांनी नाव दिलं ‘बाकड्यावर’, म्हणजे डॉक्टरकडे नंबर लावून लोक बसतात तसं. तिथली कामं विसरली जात नाहीत, पण आज त्यांचा नंबर नाही. हे मला स्वतःला सुचलं नव्हतं. ते मी त्यांच्याकडून शिकले आणि आता इतरांना सांगते.

वही लिहायची वेळ आम्ही रात्री सव्वानऊ ठरवली, दुकानातच, गल्ला मोजायच्या आधी. गल्ला मोजल्यावर मन त्या आकड्यात अडकतं. आणि दुकानात अशासाठी, की तिथे फळ्या समोर दिसतात, काय राहिलं ते आठवावं लागत नाही. लिहायला दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. मग पेन गल्ल्यात, वही तराजूखाली. वही घरी न्यायची नाही.

झोपायच्या वेळी केलेल्या अशा लिखाणावरही एक प्रयोग झाला आहे. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ तरुणांना प्रयोगशाळेत झोपवलं. झोपण्याआधी पाच मिनिटं निम्म्यांनी पुढच्या दिवसांत करायची कामं लिहिली, निम्म्यांनी झालेली कामं. करायची कामं लिहिणारे सरासरी नऊ मिनिटं लवकर झोपले, आणि ज्यांनी जास्त नेमकं लिहिलं ते अधिक लवकर. हे २०१८ साली प्रसिद्ध झालं. ती मुलं तरुण आणि निरोगी होती, एक रात्र झोपली होती. पन्नाशीकडे झुकलेल्या दुकानदाराला ते जसंच्या तसं लावता येणार नाही. पण नेमकेपणाचा जो मुद्दा तिथे दिसला, तोच मला ‘तेल’ आणि ‘तेलाचे डबे मोजणे, मग फोन’ यांच्यातल्या फरकात दिसला.

दोन आठवड्यांत रेघा एकतीसवरून अकरा-बारावर आल्या. आठवडे बाजाराच्या दिवशी मात्र पान पार कोलमडायचं. त्या दिवसासाठी आम्ही ठरवलं, एकच ओळ, आणि तीही दुकान उघडायच्या आधीची. आणखी एक गोष्ट समजली. आप्पा प्रत्येक कामाला लागणारा वेळ बराच कमी धरत. मोजल्यावर पंचवीस मिनिटं म्हणता चाळीस निघायची. बहुतेक सगळेच असं धरतात, कारण मनात आपण काम करतो तेव्हा मध्ये गिऱ्हाईक येत नसतं. म्हणून नियम केला: मनात येईल त्याच्या दीडपट लिहायचं.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. झोप थोडी सुधारली होती. पण आप्पांच्या चेहऱ्यावरचा तो ओढलेला भाव जात नव्हता आणि मला ते खटकत होतं.

पाचव्या भेटीत मी वही मागून घेतली आणि पहिल्या पानापासून सावकाश पाहत गेले. कोणती कामं झाली ते मी पाहत नव्हते. कोणतं काम पुन्हा पुन्हा पुढच्या पानावर गेलं, ते शोधत होते. एक ओळ सापडली. नऊ दिवस, नऊ पानं, नेहमी शेवटच्या जागी: ‘नानाशी बोलणे’. बाकीच्या ओळींना वेळ होती, मिनिटं होती. या एका ओळीला काहीच नव्हतं.

"हे नाना कोण?"

"दोस्त शे ना मना." एवढं बोलून ते खिडकीबाहेर पाहू लागले.

मी थांबले. अशा वेळी समुपदेशकानं करायचं सगळ्यात अवघड काम म्हणजे गप्प बसणं.

हळूहळू आलं बाहेर. नाना म्हणजे शाळेपासूनचा मित्र, शेतकरी. पोळ्यापासूनची उधारी अठरा हजार चारशे. कापूस निघाला की देतो, असं ठरलेलं. कापूस निघाला, विकलाही गेला. पैसे आले नाहीत. नाना रोज दुकानावरून मळ्यात जातो.

"तो दिसला की तुम्ही काय करता?"

"मी आत जातो. मागच्या खोलीत. काहीतरी मोजायला."

"हातातलं काम टाकून?"

"हो." आणि मग स्वतःशीच, "दिवसातून चार-पाच वेळा."

त्या अकरा-बारा उरलेल्या रेघांमधल्या चार-पाच रेघा गिऱ्हाइकानं मारलेल्याच नव्हत्या. ते आम्हा दोघांना एकाच क्षणी कळलं. आप्पांनी डोक्याला हात लावला.

"बोलत का नाही त्यांच्याशी?"

"पैसे मागितले तर दोस्ती तुटेल ताई."

"शेवटचा चहा दोघांनी सोबत कधी घेतला?"

बराच वेळ उत्तर नाही. मग: "दिवाळीच्या आधी."

"मग सांभाळताय काय?"

आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि पुढचा प्रश्न विचारला नाही. त्या दहा मिनिटांत आमचं बोलणं जवळजवळ झालंच नाही, पण माझ्या मते या सगळ्या भेटींमधली खरी भेट ती होती. मैत्री वाचवायला म्हणून जे ते टाळत होते, त्या टाळण्यानंच मैत्री बंद पडली होती, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

मी ज्या परंपरेत शिकले, ती अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची. माणसाला घटना जेवढी छळत नाही तेवढा त्या घटनेबद्दलचा त्याचा ‘असंच व्हायला पाहिजे’ हा हट्ट छळतो, असं ती मानते. ‘नानाला माझ्याबद्दल वाईट वाटता कामाच नये’ हा आप्पांचा हट्ट. तो ‘वाईट वाटू नये अशी माझी इच्छा आहे, पण वाटलं तर मी सहन करू शकेन’ इथपर्यंत आला की बोलायला तोंड उघडतं. हे मला ठाऊक होतंच. वहीतल्या पुढे ढकललेल्या ओळीनं असा हट्ट जागच्या जागी दाखवता येतो, हे मात्र मी त्या दिवशी पाहिलं. तेव्हापासून मी कुणाचीही वही आधी अशीच वाचते.

माझं म्हणणं असं आहे. एखादी ओळ तीनदा पुढच्या पानावर गेली, की ती चौथ्यांदा तशीच उतरवू नका. तिच्यासमोर थांबा. बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण सापडतं. काम एक नसून चार आहेत आणि पहिलं कोणतं ते ठरलेलं नाही, तर ती ओळ फोडा. किंवा ते काम तुमचं नाहीच, कुणाच्या तरी भिडेखातर घेतलंय, तर ज्याचं त्याला परत द्या. किंवा त्याच्या पाठीमागे एखादी भीती उभी आहे. मग कामाचा वेळ ठरवण्याआधी ती भीती शब्दांत लिहा, आणि स्वतःला विचारा की तसं झालंच, तर मी काय करीन.

आप्पांनी ते वाक्य माझ्यासमोरच लिहिलं: ‘तो चिडला तर दोन महिने बोलणार नाही. आताही बोलत नाहीच.’ मग खाली नवी ओळ: ‘शुक्रवारी दूध संपलं की, पोराला गल्ल्यावर बसवून, नानाच्या मळ्यात. १ तास.’ आणि हात कशाला लावायचा त्या जागी बोलायचं पहिलं वाक्य: ‘नाना, वहीत तुझं पान उघडं आहे म्हणून मी तुझ्याकडे बघत नाही. मला हे जमत नाही. कसं करायचं, तूच सांग.’ हे वाक्य आम्ही चार वेळा बदललं. आधीच्या तीन वाक्यांत एकतर रागाची धार होती, नाहीतर लाचारी.

ते गेले. नाना आधी ओशाळला, मग म्हणाला की आपणही दुकान टाळायला लांबच्या वाटेनं जाणार होतो, पण ती वाट बैलगाडीला जमत नाही. त्याच दिवशी पाच हजार दिले, उरलेले केळीचे पैसे आल्यावर देतो म्हणाला. त्यातले काही अजून यायचे आहेत. पण आता नाना समोरून जातो तेव्हा आप्पा आत जात नाहीत.

आज आप्पांचा दिवस तेवढाच लांब आहे. शटर अजून दहाच्या सुमारालाच पडतं, गिऱ्हाईकही तेवढंच आहे. बदललं ते वेगळं. दुपारी अर्धा तास घरी जाऊन जेवतात, कारण अडीचचं काम ठरलेलं असल्यानं त्याआधीचा वेळ मोकळा आहे, हे त्यांना दिसतं. वहिनी एकदा सोबत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "रात्री पाणी प्यायच्या निमित्तानं उठून कॅलेंडरच्या मागं आकडे लिहायचे, ते बंद झालं." आणि आप्पा म्हणाले, "थकतो ताई अजूनही. पण आता पायच थकतात."

हे कुठे चालत नाही, तेही सांगायला हवं. दोन आठवडे किंवा अधिक काळ मन रोज उदास आहे, आवडीच्या गोष्टीतही रस उरलेला नाही, भूक-झोप पार बदलली आहे, जगणं नको वाटतं आहे, तर वही हा उपाय नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला हवं. टेली-मानस ही सरकारी फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते, मराठीतही बोलता येतं. खूप घोरणं आणि दिवसा गाढ झोप येणं असेल, तर डॉक्टरांकडे जाऊन झोपेतला श्वास तपासून घ्या. आणि काही जणांना लिहायला बसलं की सुटत नाही, एकातून दहा ओळी निघतात, छातीत धडधडतं. त्यांना मी वही बंद करायला सांगते आणि त्या वेळी फक्त कुणाशी तरी बोलायला सांगते.

शेवटची भेट आखाजीच्या आदल्या आठवड्यात झाली. आप्पांनी वही उघडून सणाच्या दिवसाचं पान आधीच लिहिलेलं दाखवलं. ‘लेक येणार. सकाळी ७, दुकान उघडायच्या आधी: निंबाला झोका बांधणे, दोर पोटमाळ्यावरून आज काढला. १५ मिनिटं.’ दुसरी आणि तिसरी ओळ कोरी होती. मी विचारलं, बाकीची दोन कामं?

"बाकड्यावर," ते म्हणाले.